चायनीज आणि व्हिएतनामी सेफ्टी पाट्या : ऑर्डर देण्याआधी हे एकदा वाचा

पॅनल, स्विचगियर, कन्व्हेअर बनवून चीन किंवा व्हिएतनामला पाठवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी हा कागद आहे. बहुतेक वेळा आमच्याकडे इंग्लिश मजकुराची एक एक्सेल येते, आणि शेजारी लिहिलेलं असतं की याचं दोन्ही भाषांत करून द्या, सगळ्यावर लाल डेंजर टाका, सोमवारी डिस्पॅच आहे. करून देऊ, पण असं सरळ भाषांतर करून पाटी होत नाही, का ते सांगतो.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. भिंतीवरची किंवा कुंपणावरची पाटी वेगळी आणि मशीनवर चिकटवायचं लेबल वेगळं. चीनमध्ये भिंतीवरच्या पाट्या जीबी २८९४ या स्टँडर्डप्रमाणे चालतात, आणि तिथे धोका कमी की जास्त अशी पायरीच नसते, तिथे प्रकार असतात : मनाई म्हणजे लाल गोल आणि तिरकी रेघ, इशारा म्हणजे पिवळा त्रिकोण, सक्ती म्हणजे निळा गोल, आणि बाहेर जायचा रस्ता वगैरे हिरव्यात. प्रत्येक प्रकाराची सुरुवात ठरलेली असते. मनाईची पाटी 'मनाई'च्या दोन अक्षरांनी सुरू होते, इशाऱ्याची 'जपून'च्या, सक्तीची 'केलंच पाहिजे'च्या, आणि पुढे बरेचदा अजून दोनच अक्षरं :

```
मनाई    禁止攀登      चढू नका
इशारा   当心触电      शॉक बसेल, जपून
सक्ती   必须戴安全帽   हेल्मेट घालाच
```

व्हिएतनामीत मनाईसाठी एकच शब्द पुरतो, CẤM, आणि त्याच्यापुढे नुसतं क्रियापद. इंग्लिशमधल्या काइंडली आणि प्लीजला इथे जागा नाही. दोन्ही भाषांत 'कृपया करू नका' असं लिहायची सोय आहे, म्युझियममध्ये काचेला हात लावू नका म्हणताना ते शोभतं, पण ११ केव्हीच्या कुंपणावर तसं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं रंग ओला असेल म्हणून सांगतायत.

आता लेबल. इथे मात्र पायऱ्या आहेत, आणि घोळ इथेच होतो.

```
लाल     危险    NGUY HIỂM
केशरी   警告    CẢNH BÁO
पिवळा   注意    THẬN TRỌNG
```

लाल म्हणजे चुकलात तर माणूस मरणार किंवा कायमचा जायबंदी होणारच. केशरी म्हणजे तेच होऊ शकतं, पण होईलच असं नाही. पिवळा म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा. नुसतं मशीन खराब होणार असेल, माणसाला काही नाही, तर या तिन्हीतलं काहीच नाही, त्याला निळी सूचना. म्हणजे कव्हर काढल्यावर उघडा लाइव्ह बसबार दिसतो तिथे लाल, कन्व्हेअरच्या रोलरमध्ये हात ओढला जाऊ शकतो तिथे केशरी, मोटरच्या बॉडीला चटका बसतो तिथे पिवळा. सगळंच लाल केलं की ऑपरेटर आठ दिवसांत लाल बघायचं सोडतो, हे आपल्याकडच्या शॉप फ्लोअरवर पण बघा, वेगळं काही नाही.

पिवळ्याच्या चायनीज शब्दाबद्दल जरा थांबा. वरचा शब्द काही कंपन्या निळ्या सूचनेवर वापरतात आणि पिवळ्यावर दुसराच घालतात. दोन्ही रीती चालू आहेत, पण तुमच्या मॅन्युअलमध्ये एक आणि लेबलवर दुसरी असं झालं तर वाचणारा गोंधळणारच, म्हणून ऑर्डरबरोबर मॅन्युअलचं सेफ्टीचं पान पाठवाच, आम्ही त्याच्याशी जुळवून घेतो.

आता एक पाटी पूर्ण करून दाखवतो. मजकूर येतो असा : मेंटेनन्सचा स्टाफ पुढच्या लाइनवर काम करत असल्यामुळे कृपया ब्रेकर क्लोज करू नये. यातलं 'क्लोज' म्हणजे इलेक्ट्रिकलवाल्याच्या भाषेत सप्लाय चालू करणं. पण ज्याला पॅनल माहीत नाही तो भाषांतर करणारा डिक्शनरी उघडून 'बंद करणे' टाकतो, आणि चायनीजमध्ये पाटी होते ती 'बंद करू नका'. म्हणजे बरोबर उलटं! लाइनवर माणूस चढलाय आणि पाटी सांगतेय सप्लाय चालू ठेवा. हे प्रूफमध्ये आपल्याला दिसत नाही कारण अक्षरं आपल्याला सगळी सारखीच.

खरं तर हे वाक्य नव्याने करायची गरजच नाही, दोन्ही देशांतल्या वीजवाल्यांकडे ते वर्षानुवर्षं तयार आहे :

```
禁止合闸
有人工作

CẤM ĐÓNG ĐIỆN!
CÓ NGƯỜI ĐANG LÀM VIỆC
```

दोन्हीचा अर्थ एकच, सप्लाय देऊ नका, माणसं काम करतायत. आधी हुकूम, मग कारण, आणि कारण पण एका दमात. कुंपणावरच्या पाटीचं तसंच, चायनीजमध्ये 'थांबा, हाय व्होल्टेज, धोका', व्हिएतनामीत 'थांबा! वीज आहे, जिवाला धोका'. व्हिएतनामी पाटी 'माणूस मरेल' हे सरळ लिहून टाकते, आपण ते कवटी आणि हाडांवर सोडतो.

```
止步 高压危险

DỪNG LẠI!
CÓ ĐIỆN NGUY HIỂM CHẾT NGƯỜI
```

तयार वाक्य असेल तर तेच वापरा, स्वतःचं सुंदर वाक्य नको. तिथला वायरमन ते न वाचता ओळखतो.

छपाईतले लफडे. व्हिएतनामीत अक्षरांवर चिन्हं एकावर एक बसतात, आणि ओळी जवळ घेतल्या की वरची टोपी कापली जाते, जशी स्वस्त फॉन्टमध्ये आपली वेलांटी कापली जाते. चिन्ह गेलं की शब्द बदलतो : CẤM मधली चिन्हं काढा, उरतं ते 'नारिंगी' रंगाचं नाव. म्हणून प्रूफ आल्यावर भाषा येत नसली तरी एवढं तपासा : CẤM च्या ए वर टोपी आणि तिच्यावर तिरकी रेघ, दोन्ही आहेत का, ĐIỆN च्या पहिल्या अक्षराला आडवी काट आहे का, शेवटच्या VIỆC च्या ई ला वर टोपी आणि खाली टिंब आहे का. चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसलं तर फॉन्ट गेलाय, फाइल लगेच परत पाठवा. व्हॉट्सअॅपवरून मजकूर कॉपी करून कोरलमध्ये टाकू नका, युनिकोडची मूळ फाइल द्या.

चायनीजमध्ये दुसरा त्रास. मेनलँडला सिम्प्लिफाइड लिपी, तैवान आणि हाँगकाँगला ट्रॅडिशनल, माल कुठे उतरतोय ते ऑर्डरवर लिहा. ओळ मध्येच तोडू नका, चार अक्षरांची पाटी दोन-दोन अशी तुटली तर ठीक, तीन-एक तुटली तर विचित्र दिसतं. आणि केशरी लेबलवरच्या 警告 मधलं पहिलंच अक्षर इतक्या रेघांचं आहे की ३ मिलिमीटरच्या खाली स्क्रीन प्रिंटिंगमध्ये सरळ काळा ठिपका होतो, त्यामुळे छोट्या लेबलवर आम्ही आधी मजकूर कमी करतो, अक्षर नाही.

प्रूफ आम्ही दोनदा तपासून घेतो, एकदा ती भाषा घरात बोलणाऱ्याकडून आणि एकदा पॅनलवर काम केलेल्या माणसाकडून, आणि दुसऱ्याला इंग्लिश मजकूर दाखवतच नाही, नुसती पाटी दाखवून विचारतो की हे वाचून तू काय करशील. त्याने 'स्विचला हात लावणार नाही' सांगितलं की प्लेट छापायला जाते. याला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे सोमवारचा डिस्पॅच असेल तर आधीच्या सोमवारी फोन करा.