पाहुण्यांना गाणी लावू द्यावीत, खात्याचा पासवर्ड देऊ नये

आमच्याकडून वाय-फाय स्पीकर बसवून घेतलेल्या ग्राहकांचे फोन बहुधा शनिवारी संध्याकाळी येतात आणि प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. घरी वीस-पंचवीस माणसे जमली आहेत, प्रत्येकाला आपल्या आवडीचे गाणे लावायचे आहे, तर स्पॉटिफायचा पासवर्ड सांगून टाकावा का? सांगू नये, आणि सांगण्याची गरजही पडत नाही. त्याचे कारण आणि पर्यायी रीत या पत्रकात दिली आहे. यजमानाकडे स्पॉटिफायचे Premium खाते आहे आणि स्पीकर घरच्या वाय-फायवर आहे असे येथे गृहीत धरले आहे. ज्यांच्याकडे असे खाते नाही त्यांच्यासाठी शेवटी थोडक्यात लिहिले आहे.

पासवर्ड दिल्यावर नेमके काय होते

वाय-फाय स्पीकरवर गाणे फोनमधून येत नाही. फोन फक्त कोणते गाणे हवे ते सांगतो आणि स्पीकर ते स्वतः इंटरनेटवरून आणून वाजवतो. त्यासाठी स्पीकर आपल्या खात्याशी जोडलेला असतो. त्यामुळे त्याच खात्याने उघडलेल्या दुसऱ्या फोनलाही तो स्पीकर आपल्या यादीत दिसू शकतो, मग तो फोन शेजारच्या खोलीत असो की दुसऱ्या गावात.

राजारामपुरीतील एका ग्राहकाने गेल्या वर्षी आपला स्पीकर बिघडला म्हणून दुकानात आणून दिला. पहाटे साडेपाचला दिवाणखान्यात एकाएकी मोठ्या आवाजात नाचाची गाणी सुरू होत, आणि तेव्हा त्यांच्या आई देवपूजेला बसलेल्या असत. आम्ही स्पीकर दोन दिवस दुकानात चालू ठेवला, पण काही घडले नाही. मग त्यांच्या फोनवर नुकत्याच वाजलेल्या गाण्यांची यादी पाहिली, तर तीत घरातल्या कोणीही न लावलेली बरीच गाणी निघाली. चौकशीअंती उलगडा झाला. महिन्याभरापूर्वीच्या वाढदिवसाला मुलाच्या मावसभावाने पासवर्ड विचारून घेतला होता आणि इचलकरंजीला परतल्यावर तो रोज व्यायामाला जाताना त्याच खात्यावर गाणी लावत होता. गाणी आपल्या इयरफोनवर येतील अशी त्याची समजूत होती, परंतु वाजवण्याचे ठिकाण म्हणून ॲपमध्ये अधूनमधून कोल्हापूरचा स्पीकरच निवडलेला राहत असे. यात स्पीकरचा दोष काहीच नव्हता.

एकट्याच्या खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी गाणे वाजते, ही दुसरी अडचण. पासवर्ड घेऊन गेलेला पाहुणा आपल्या घरी गाणे लावतो आणि इकडे आपले चालू गाणे मध्येच थांबते. गाणी अशी वारंवार, कारण नसताना थांबत असतील, तर स्पीकर दुरुस्तीला आणण्यापूर्वी पासवर्ड कोणाकोणाला दिला होता ते आठवावे.

पासवर्ड पूर्वी दिला गेला असेल तर तो बदलावा आणि त्यासोबत संकेतस्थळावरील आपल्या खात्याच्या पानावर जाऊन Sign out everywhere हे बटणही दाबावे. काही कंपन्यांचे स्पीकर या बटणाने बाहेर पडत नाहीत. ते त्याच खात्याच्या Manage apps या पानावर वेगळे दिसतात आणि तेथूनच काढावे लागतात.

जॅम सुरू करण्याची रीत

स्पॉटिफायने सप्टेंबर 2023 मध्ये Jam नावाची सोय आणली. तीत स्पीकर, खाते आणि ताबा यजमानाकडेच राहतो, आणि पाहुणे आपापल्या फोनवरून, आपापल्या खात्याने, एका सामायिक रांगेत गाणी टाकतात. यजमानाचे खाते Premium असावे लागते. पाहुण्यांचे मोफत खाते असले तरी चालते, मात्र ॲप आणि खाते प्रत्येकाचे स्वतःचे हवे. एका जॅममध्ये 32 जणांपर्यंत सहभागी होता येते, म्हणजे बारसे किंवा साठीशांत यांसाठी पुरेसे आहे. लग्नासाठी नाही, आणि तेथे इतक्या जणांनी गाणी ठरवूही नयेत, असे आमचे मत आहे.

यजमानाने आपल्या फोनवर एखादे गाणे सुरू करून, पडद्याच्या तळाशी असलेल्या उपकरणांच्या चिन्हावरून आधी स्पीकर निवडावा. गाणे स्पीकरमधून ऐकू येऊ लागले, की तीन ठिपक्यांच्या यादीतून Start a Jam निवडावे. ॲपच्या आवृत्तीनुसार या शब्दांची जागा थोडीफार बदलते. त्यानंतर पडद्यावर एक क्यूआर कोड आणि पाठवता येईल अशी लिंक मिळते. पाहुण्याने तो कोड आपल्या फोनच्या कॅमेऱ्याने टिपला की तो जॅममध्ये येतो, आणि रांगेत कोणते गाणे कोणी टाकले हे सर्वांना दिसते. हा कोड त्या दिवसाच्या जॅमपुरताच असतो, त्यामुळे तो आधीच छापून ठेवून उपयोग नाही. त्याचा स्क्रीनशॉट जुन्या टॅबलेटवर उघडून टेबलावर ठेवणे सर्वांत सोयीचे पडते. लिंक नातेवाइकांच्या मोठ्या व्हॉट्सॲप समूहात टाकू नये, कारण ती ज्याच्या हाती पडेल त्याला आत येता येते.

रांगेतले गाणे काढणे, क्रम बदलणे आणि एखाद्याला जॅममधून बाहेर काढणे हे यजमानाच्या हातात असते. आवाज कमी-जास्त करण्याची मुभा पाहुण्यांना द्यायची की नाही, हेही तोच ठरवतो. ही मुभा बंद ठेवावी असा आमचा आग्रह आहे. दहा वाजून गेल्यानंतर शेजारी तक्रार करतात ती यजमानाकडे. आवाज कोणी वाढवला ते त्यांना ठाऊक नसते.

घरचे वाय-फाय कोणाला द्यावे

खरी गफलत बहुतेक वेळा येथे होते. ताराबाई पार्कमधील एका ग्राहकाच्या वडिलांच्या साठीशांतीला गच्चीवर तीसएक माणसे होती. जॅम व्यवस्थित सुरू झाला, परंतु घरच्या वाय-फायचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून जिन्याच्या दारावर चिकटवला होता. पांढरा रस्सा वाढेपर्यंत गाण्यांची रांग तीन वेळा तुटली. दर वेळी चालू गाणे मध्येच बंद पडून भलतेच गाणे सुरू होई आणि यजमानाच्या फोनवर स्पीकरऐवजी फोनचेच नाव दिसू लागे.

कारण असे की, असा स्पीकर त्याच वाय-फायवर असलेल्या बहुतेक फोनना आपण होऊन दिसतो. एका पाहुण्याने जॅममध्ये न येता स्वतःच्या स्पॉटिफायवर गाणे लावले आणि उपकरणांच्या यादीत दिसलेल्या स्पीकरच्या नावावर बोट ठेवले. तेवढ्याने स्पीकर यजमानाच्या खात्यावरून सुटून त्या पाहुण्याच्या खात्यावर गेला. यात पासवर्ड कोणी चोरला नव्हता आणि पाहुण्याचाही वाईट हेतू नव्हता, पण जो शेवटी बोट ठेवतो त्याचे गाणे वाजते. फोनवरून कास्ट करण्याच्या पद्धतीतही साधारण हेच घडते.

उपाय राउटरमध्ये असतो. बहुतेक राउटरवर घरच्या वाय-फायखेरीज पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय सुरू करता येते, आणि त्यावरच्या फोनना इंटरनेट मिळते, पण घरातले टीव्ही, प्रिंटर, स्पीकर दिसत नाहीत. काही राउटरवर Allow guests to access my local network असा पर्याय असतो. तो बंदच ठेवावा. आमचे अनेक ग्राहक "पाहुण्यांच्या वाय-फायवर स्पीकर सापडत नाही" अशी तक्रार करतात, परंतु आपल्याला हवे ते नेमके हेच आहे. जॅममध्ये क्यूआर कोडने येणाऱ्या पाहुण्याच्या फोनला स्पीकर दिसण्याची गरज नसते. तो गाण्याचे नाव इंटरनेटवरून जॅमला कळवतो आणि स्पीकर ते गाणे स्वतः आणतो. म्हणून पाहुण्याने मोबाइल डेटावर राहिले तरी काम चालते, आणि गाणे त्याच्या फोनवर येत नसल्याने त्याचा डेटाही फारसा खर्च होत नाही. सेकंदाला 320 किलोबिटच्या दर्जाने तासाभरात साधारण 144 एमबी लागतात, पण ते स्पीकरला, म्हणजे घरच्या जोडणीवर.

ताराबाई पार्कच्या त्या कार्यक्रमात आम्ही फोनवरूनच राउटरवर पाहुण्यांचे वाय-फाय सुरू करून दिले आणि चिठ्ठी बदलायला सांगितली. तरीही पहिला पासवर्ड तोवर वीसेक फोनमध्ये साठवला गेला होता आणि ते फोन आपोआप घरच्याच वाय-फायवर येत राहिले. शेवटी घरच्या वाय-फायचा पासवर्ड बदलावा लागला, आणि त्यामुळे स्पीकर, टीव्ही आणि दारावरचा कॅमेरा असे सारे पुन्हा जोडण्यात त्यांचा दुसरा दिवस गेला. म्हणून पाहुण्यांचे वाय-फाय कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सुरू करून, एखाद्या घरच्याच फोनवरून तपासावे. त्या फोनवर स्पॉटिफाय उघडल्यावर उपकरणांच्या यादीत स्पीकरचे नाव दिसले नाही, की मांडणी बरोबर झाली असे समजावे. मात्र तपासण्यासाठी यजमानाचे खाते उघडलेला फोन घेऊ नये, कारण त्याला स्पीकर तसाही दिसू शकतो.

स्पीकर फक्त ब्लूटूथचा असेल तर

जॅम तरीही चालतो, पण तेव्हा गाणे यजमानाच्या फोनमधूनच जाते. तो फोन स्पीकरपासून साधारण दहा मीटरच्या आत ठेवावा लागतो आणि मध्ये भिंत किंवा स्लॅब आला तर हे अंतर आणखी घटते. फोन आला तर गाणे थांबते. या कामासाठी घरातला जुना फोन वापरावा आणि त्यात यजमानाचे खाते उघडून तो टेबलावर चार्जरला लावून ठेवावा. पाहुण्यांना आपापले फोन स्पीकरला जोडू दिले, तर नंतर स्पीकरच्या स्मृतीतून त्या जोडण्या काढून टाकाव्यात. नाही तर शेजारचा फोन आपोआप जोडला जाऊन स्पीकर अडवून ठेवतो.

Premium खाते नसेल तर

टीव्हीवरील यूट्यूब ॲपच्या सेटिंगमध्ये Link with TV code हा पर्याय आहे. तेथे दिसणारा आकडा पाहुण्यांनी आपल्या फोनवरील यूट्यूबमध्ये भरला की त्यांना टीव्हीच्या रांगेत गाणी टाकता येतात, आणि यजमानाच्या खात्याचा पासवर्ड द्यावा लागत नाही. मध्ये जाहिराती येऊ शकतात. कार्यक्रम झाल्यावर जोडलेले फोन टीव्हीच्या सेटिंगमधून काढावेत.

जॅम संपवताना यजमानाने आपल्या फोनवरून तो बंद करावा, म्हणजे तो सर्वांसाठी बंद होतो. त्यानंतर पाहुण्यांचे वाय-फायही राउटरवर बंद करून ठेवता येते. त्याने घरची इतर उपकरणे तुटत नाहीत आणि पुढच्या कार्यक्रमाला ते नव्या पासवर्डने सुरू करता येते. राउटरवर ही सोय कोठे आहे हे सापडत नसेल, तर राउटरच्या मागील लेबलचा फोटो घेऊन दुकानात यावे. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी आल्यास बरे, कारण शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे गर्दी असते.