कॉन्स्टंटचा डेरिव्हेटिव्ह शून्य, पण तो h नक्की शून्य होता का?

xⁿ चा डेरिव्हेटिव्ह nxⁿ⁻¹, हा पॉवर रूल पाठ सगळ्यांचाच असतो, पण त्याच्यामागे शंभरेक वर्षं जे भांडण चाललं ते एका छोट्याशा अक्षरावरून, x मधल्या ज्या छोट्याशा वाढीला आपण h म्हणतो त्याच्यावरून.

1630 च्या आसपास एका फ्रेंच न्यायाधीशाने फावल्या वेळात ही युक्ती वापरली होती: x ला थोडंसं वाढवा, फरक काढा, त्या वाढीने भागा, मग ती वाढ सोडून द्या. 1704 मध्ये इंग्लंडमध्ये छापून आलेल्या एका लेखात हेच xⁿ साठी केलं होतं. उत्तर बरोबरच आलं, पण 1734 मध्ये एका बिशपने नेमकं बोट ठेवलं, की बाबांनो भागताना वाढ शून्य नाही म्हणता आणि शेवटी शून्य म्हणून टाकून देता, मग आधीचं गणित कुठल्या तोंडाने ठेवता? माझ्या मते माणूस बरोबर होता, त्याला नुसता धर्माचा कैवारी म्हणून उडवून लावणं बरं नाही.

x³ घ्या, x = 2 जवळ. h = 0.1 असेल तर (9.261 − 8)/0.1 = 12.61, h = 0.01 ला 12.0601, h = 0.001 ला 12.006001. सगळं 12 कडे सरकतंय पण h कधीच शून्य केलेला नाही. 1821 मधल्या पॅरिसच्या एका पाठ्यपुस्तकाने भर दिला तो यावरच, h शून्य होत नाही, फक्त हवा तितका जवळ जातो आणि किंमत कुठे जाते ते बघायचं, म्हणजे लिमिट. एप्सिलॉन-डेल्टाचा काटेकोरपणा त्याच शतकात नंतर पक्का झाला.

आता कॉन्स्टंट. f(x) = 7 तर (7 − 7)/h = 0/h, हे प्रत्येक h ला शून्यच, लिमिट घ्यायच्या आधीच. बरेच जण इथे 0/0 झालं म्हणून गडबडतात, पण खाली h आहे, शून्य नाही. π² पण आकडाच आहे, त्याचा डेरिव्हेटिव्ह 2π लिहिला की मार्क गेलेच!

xⁿ ला (x+h) चे n कंस गुणायचे. प्रत्येक कंसातून x घेतला तर xⁿ, तो वजा होतो. एकाच कंसातून h घेतला, असं n प्रकारे करता येतं, तर n·xⁿ⁻¹·h. बाकी सगळ्यात h दोनदा किंवा जास्त वेळा येतो, म्हणून h ने भागलं तरी त्यांच्यात एक h उरतो आणि लिमिटमध्ये ते जातात. वरच्या x³ च्या उदाहरणात भागाकार 12 + 6h + h² येतो, त्यातले 6h + h² म्हणजे हेच उरलेले, 12.61 मधला 0.61 तिथूनच आला. हातात राहतं nxⁿ⁻¹.

n = 0 मात्र या सूत्रात कोंबू नका, x = 0 ला 0·x⁻¹ ला अर्थच उरत नाही, कॉन्स्टंट वेगळा सिद्ध करतात तो त्यामुळेच.