अहवालातले दोन पट्टे: एक सरासरीचा, एक एकाचा

आमच्या रिग्रेशनच्या अहवालात आलेखावर एक रेषा असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन पट्टे. आतला अरुंद आणि गडद, बाहेरचा रुंद आणि फिकट. दोन्हींखाली ‘९५ टक्के’ असंच छापलेलं असतं, आणि फोनवर सगळ्यांत जास्त प्रश्न त्यावरूनच येतात. दोन्ही ९५ टक्के, तर एक दुसऱ्याच्या पाच-सहा पट रुंद कसा? यातला खरा कोणता धरायचा?

दोन्ही खरे आहेत, फक्त त्यांना विचारलेला प्रश्न वेगळा आहे. आतला पट्टा म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल. तो सरासरी कुठे असेल ते सांगतो. बाहेरचा म्हणजे प्रेडिक्शन इंटरव्हल, आणि तो पुढचं एक नवं निरीक्षण कुठे पडेल ते सांगतो. आमच्या ऑफिसात आम्ही त्यांना ‘सरासरीचा पट्टा’ आणि ‘एकाचा पट्टा’ म्हणतो. या पत्रकातही तीच नावं ठेवली आहेत.

पन्नास गाड्यांचं उदाहरण

ग्राहकांचा डेटा इथे छापता येत नाही, म्हणून सर्वांना मोफत मिळणारा एक जुना संच घेतला आहे. R या सॉफ्टवेअरमध्ये तो `cars` नावाने येतो. त्यात १९२० च्या दशकात घेतलेली ५० निरीक्षणं आहेत: गाडीचा वेग ताशी मैलांत, आणि ब्रेक लावल्यावर थांबेपर्यंत कापलेलं अंतर फुटांत. तुमच्याकडे R असेल तर पुढचे आकडे स्वतः पडताळून पाहा.

```
m <- lm(dist ~ speed, data = cars)
predict(m, data.frame(speed = 19), interval = "confidence")
predict(m, data.frame(speed = 19), interval = "prediction")
```

वेग १९ असताना रेषा सांगते ५७.१ फूट. सरासरीचा पट्टा ५१.८ ते ६२.४. एकाचा पट्टा २५.८ ते ८८.५.

आता मूळ डेटा उघडून १९ च्या वेगाच्या ओळी शोधा. तीन सापडतील, आणि त्यांतली अंतरं आहेत ३६, ४६ आणि ६८ फूट. तिन्ही सरासरीच्या पट्ट्याच्या बाहेर! ज्याला हा फरक माहीत नाही तो म्हणेल, गणित चुकलं. गणित बरोबर आहे. तो पट्टा एकेका गाडीबद्दल काही बोलतच नाही. या वेगाने असंख्य गाड्या थांबवून पाहिल्या, तर त्या सगळ्यांची सरासरी ५२ ते ६२ च्या आसपास असेल, एवढंच त्याचं म्हणणं. तिन्ही गाड्या एकाच्या पट्ट्यात मात्र आरामात बसतात.

रुंदी येते कुठून

दोन्ही पट्ट्यांची सूत्रं जवळजवळ सारखी आहेत. फरक फक्त वर्गमुळाखालच्या १ चा.

```
सरासरीचा:  ± t · s · √(     1/n + (x0 − x̄)² / Sxx )
एकाचा:     ± t · s · √( 1 + 1/n + (x0 − x̄)² / Sxx )
```

`s` म्हणजे रेषेभोवती निरीक्षणं किती विखुरली आहेत त्याचं माप, शेषांचं, म्हणजे प्रत्येक निरीक्षण आणि रेषा यांतल्या फरकांचं, प्रमाण विचलन. इथे ते १५.३८ फूट आहे. `n` म्हणजे निरीक्षणांची संख्या, आणि `x0` म्हणजे ज्या वेगाला उत्तर हवं तो वेग. `t` हा ९५ टक्क्यांसाठी t-वाटणीतून घेतलेला गुणक; ५० निरीक्षणांसाठी तो येतो २.०१, म्हणजे `t · s` झालं ३०.९. सरासरी वेग `x̄` आहे १५.४ आणि `Sxx`, म्हणजे प्रत्येक वेगाच्या त्या सरासरीपासूनच्या फरकाच्या वर्गांची बेरीज, आहे १३७०. त्यामुळे १९ साठी 1/n म्हणजे ०.०२, आणि ३.६ चा वर्ग भागिले १३७० म्हणजे ०.००९५. बेरीज ०.०२९५, तिचं वर्गमूळ ०.१७२, आणि ३०.९ ने गुणलं की ५.३ फूट. हा झाला सरासरीचा पट्टा, रेषेच्या वर आणि खाली तेवढाच. त्या बेरजेत १ मिळवला की वर्गमूळ १.०१५ होतं आणि उत्तर ३१.४ फुटांवर जातं.

तो एक नेमका कशाचा? आपण रेषा ५० निरीक्षणांवरून ओढली, त्यामुळे ती थोडी वरखाली असू शकते. ही शंका दोन्ही पट्ट्यांत आहे. पण रेषा अगदी अचूक कळली, तरी पुढची गाडी रेषेवर येऊन थांबणार नाही. ब्रेक, टायर, रस्ता, चालकाचा पाय, सगळं गाडीगणिक वेगळं. हा पसारा आपल्या अज्ञानाचा नाही, गाड्यांचाच आहे, आणि सूत्रातला १ तो मोजतो.

म्हणूनच ‘आणखी नमुने घेतले तर पट्टा किती आवळेल?’ या प्रश्नाला आम्ही आधी उलट विचारतो, कोणता पट्टा? निरीक्षणं शंभरपट केली, वेगांची मांडणी आणि पसारा तसाच राहिला, तर सरासरीचा पट्टा ५.३ वरून साधारण अर्ध्या फुटावर येईल. एकाचा पट्टा ३१.४ वरून जेमतेम ३० वर येईल, आणि नंतर कितीही खर्च केला तरी तिथून हलणार नाही. तो कमी करायचा असेल तर नमुने वाढवून उपयोग नाही. पसाऱ्याचं कारण सांगणारा दुसरा घटक मोजून मॉडेलमध्ये आणावा लागतो, नाहीतर मोजमापच सुधारावं लागतं.

आमची एक चूक

पूर्वी आमच्या अहवालात फक्त सरासरीचा पट्टा असायचा. दिसायलाही तो नेटका दिसतो. एका ग्राहकाने त्यावरून पुढच्या एका नगाची स्वीकार-मर्यादा ठरवली आणि आठवड्याभरात चांगले नग परत जाऊ लागले. चूक त्यांची नव्हती, आमची होती. आम्ही एका प्रश्नाचं उत्तर छापलं होतं आणि प्रश्न छापलाच नव्हता. तेव्हापासून दोन्ही पट्टे छापतो.

हा गोंधळ इतरत्रही सहज होतो. R च्या ggplot2 पॅकेजमधल्या `geom_smooth()` ने आलेखावर `lm` ची रेषा काढली की तिच्याभोवती आपोआप येणारी करडी सावली सरासरीच्या पट्ट्याची असते. बरेचसे बिंदू त्या सावलीबाहेर पडतात, आणि त्यांनी पडायलाच हवं. तुमच्या हाती आलेल्या एखाद्या आलेखावर पट्ट्याचं नाव नसेल, तर बाहेरचे बिंदू मोजा. ९५ टक्क्यांच्या एकाच्या पट्ट्याबाहेर वीसात एखादाच बिंदू असतो. निम्मे बिंदू बाहेर दिसले, तर तो पट्टा सरासरीचा आहे.

एकाचा पट्टा जास्त नाजूक का

गाड्यांच्या संचात एकाच्या पट्ट्याबाहेर ५० पैकी २ बिंदू आहेत. अपेक्षा अडीचची, म्हणजे सगळं ठीक वाटेल. पण आकडा बरोबर आला म्हणून पट्टा सगळीकडे बरोबर असतोच असं नाही.

वेग १२ असताना एकाचा पट्टा उणे १.७ पासून ६१ फुटांपर्यंत जातो. थांबायला उणे अंतर लागेल कसं? प्रत्यक्षात त्या वेगाची चार निरीक्षणं १४ ते २८ फुटांतच आहेत. उलट वेग २४ असताना पट्टा ४४.८ ते १०८.८ आहे, आणि तिथल्या एका गाडीला १२० फूट लागले. म्हणजे कमी वेगाला पट्टा फाजील रुंद, जास्त वेगाला अपुरा. सूत्रात `s` सर्वत्र एकच धरला आहे, आणि खरा पसारा मात्र वेगाबरोबर वाढतो. शेषांचा आलेख काढला तर बिंदू उजवीकडे पंख्यासारखे उघडताना दिसतात.

आम्ही अशा वेळी अंतराऐवजी अंतराच्या वर्गमुळावर रेषा बसवून पाहतो. मग एकाचा पट्टा काढायचा आणि दोन्ही टोकांचा वर्ग करायचा. १२ च्या वेगाला उत्तर येतं साधारण ८ ते ५५ फूट, २४ ला ४५ ते १२८. उणे अंतर गेलं आणि १२० फुटांची गाडीही आत आली. फक्त एक सावधगिरी. टोकांचा वर्ग करण्याची ही युक्ती एकाच्या पट्ट्याला चालते. सरासरीच्या पट्ट्याला लावली तर हाती सरासरीऐवजी मध्यकाचा पट्टा येतो, कारण वर्गमुळांच्या सरासरीचा वर्ग म्हणजे मूळ सरासरी नव्हे.

शेषांची वाटणी घंटेच्या आकाराची नसेल तरी निरीक्षणं भरपूर असताना सरासरीचा पट्टा बहुधा तग धरतो. एकाच्या पट्ट्याला ही सवलत नाही. पुढची एक गाडी शेषांच्या वाटणीतूनच येणार, म्हणून त्या वाटणीचा आकार चुकला की पट्टाही चुकला.

दहांची सरासरी हवी असेल तर

काही ग्राहकांचा प्रश्न दोन्हींच्या मधला असतो. पुढचे दहा नमुने घेऊ, त्यांची सरासरी कुठे येईल? अशा वेळी सूत्रातल्या १ च्या जागी १ भागिले १०, म्हणजे ०.१ घालायचा. १९ च्या वेगाला तो पट्टा रेषेच्या वरखाली ११.१ फुटांचा होतो, म्हणजे ४६ ते ६८.

आणि ‘आमच्या मालातले ९५ टक्के नग या मर्यादेत बसतील याची खात्री द्या’ असं हवं असेल, तर वरचा एकही पट्टा चालणार नाही. एकाचा पट्टा पुढच्या एका निरीक्षणापुरता बोलतो. तोच वीस निरीक्षणांना लावला, तर वीसही आत राहण्याची शक्यता ९५ टक्क्यांहून बरीच खाली येते. सगळ्या मालासाठी टॉलरन्स इंटरव्हल काढावा लागतो. तो वेगळा असतो आणि सहसा याहूनही रुंद.

काम देताना आम्हाला काय कळवावं

तुमचा निर्णय सरासरीवर आहे, पुढच्या एकावर, ठरावीक संख्येच्या गटावर, की सगळ्या मालावर, हे एका ओळीत लिहा. `x` च्या कोणत्या मूल्याला, म्हणजे वरच्या उदाहरणात कोणत्या वेगाला, उत्तर हवं तेही लिहा, कारण डेटाच्या मध्यापासून दूर गेलं की दोन्ही पट्टे रुंदावतात. गाड्यांच्या संचात वेग ४ ते २५ पर्यंतच आहे. ४० ला सूत्र आकडा देईल, पण तिथे रेषा सरळच राहते की नाही हे डेटाला माहीत नसतं आणि पट्ट्याच्या रुंदीत ती शंका धरलेली नसते. मोजलेल्या टप्प्याबाहेरचं उत्तर मागितलंत, तर अहवालात ती ओळ आम्ही पट्ट्याशिवाय, वेगळ्या शेऱ्यासह देतो.