औषध तेच, फरक वेगाचा: एडीएचडीच्या गोळीमागचा इतिहास

मेथिलफेनिडेट आणि कोकेन ही दोन्ही द्रव्यं मेंदूत एकाच जागी काम करतात. तरीही पहिल्याची गोळी एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार असलेली मुलं वर्षानुवर्षं घेतात आणि त्यांना सहसा तिची ओढ लागत नाही, तर दुसऱ्याने माणसं उद्ध्वस्त होतात. उत्तेजक औषधांच्या इतिहासात हा फरक बऱ्याच उशिरा उलगडला.

अँफेटामिन पहिल्यांदा तयार झालं ते 1887 मध्ये बर्लिनला, लाझार एडेलेआनू या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून. त्याचा उपयोग काय, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. 1920 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत गॉर्डन अ‍ॅलेस हे रसायनशास्त्रज्ञ दम्यावरच्या एफेड्रिन या औषधाला स्वस्त पर्याय शोधत होते, तेव्हा ते पुन्हा समोर आलं. पुढच्या दशकात ते बेन्झेड्रिन या नावाने बाजारात आलं, तेही चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी. नाकाशी धरून हुंगायच्या नळीत औषधाने भिजवलेली कागदाची पट्टी असे आणि त्या पट्टीत 250 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त अँफेटामिन मुरलेलं असे. हुंगताना त्यातला जेमतेम अंश शरीरात जाई. लोकांनी नळ्या फोडून पट्ट्या बाहेर काढल्या, कॉफीत बुडवल्या, सरळ गिळल्या. औषध बदललं नव्हतं, ते शरीरात शिरण्याची वाट आणि मात्रा बदलली होती. शेवटी 1949 मध्ये कंपनीने त्या नळीतून अँफेटामिन काढून दुसरं द्रव्य घातलं.

याच बेन्झेड्रिनच्या गोळ्या 1937 मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या मुलांच्या एका मनोरुग्णालयात डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी वापरल्या. मेंदूच्या क्ष-किरण तपासणीसाठी तेव्हा पाठीच्या कण्यातून द्रव काढत. त्यानंतर मुलांचं डोकं भयंकर दुखे. गोळीने डोकेदुखी थांबेल अशी अपेक्षा होती. डोकेदुखीत फारसा फरक पडला नाही, पण वर्गातले शिक्षक चकित झाले. 5 ते 14 वयाच्या 30 मुलांपैकी 14 जणांच्या अभ्यासात ठळक सुधारणा दिसली. मुलं स्वतःच त्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ म्हणू लागली.

चळवळ्या मुलाला उत्तेजक दिलं की ते शांत होतं, यावरून एक गैरसमज रुजला: या मुलांचा मेंदू औषधाला उलटा प्रतिसाद देतो, म्हणजे गोळीने फरक पडला की निदान पक्कं. मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये कोणतीही तक्रार नसलेल्या मुलांना डेक्सट्रोअँफेटामिन या अँफेटामिनच्याच एका प्रकाराची एकच मात्रा दिली. त्या मुलांचीही चुळबुळ कमी झाली आणि लक्ष वाढलं. म्हणून ‘गोळी देऊन बघू, लागू पडली तर एडीएचडी’ ही पद्धत चुकीची आहे. आजही ती कुठे कुठे चालते.

आता कार्यपद्धती. एक मज्जापेशी डोपामिन हे संदेश नेणारं रसायन सोडते, शेजारची पेशी ते टिपते आणि उरलेलं डोपामिन ‘ट्रान्सपोर्टर’ नावाचं प्रथिन पहिल्या पेशीत परत ओढतं. मेथिलफेनिडेट या ट्रान्सपोर्टरला अडवतं, त्यामुळे डोपामिन बाहेर जास्त वेळ टिकतं. नॉरएपिनेफ्रिन या तशाच दुसऱ्या रसायनाच्या बाबतीतही तेच घडतं. अँफेटामिन एक पाऊल पुढे जातं. ते स्वतः पेशीत शिरतं, साठवलेलं डोपामिन मोकळं करतं आणि ट्रान्सपोर्टरला उलट्या दिशेने चालवतं. कॅफिनचा मार्ग वेगळाच आहे. दिवसभरात साचून झोप आणणाऱ्या अ‍ॅडेनोसिनला टिपणारे पेशींवरचे रिसेप्टर ते अडवून ठेवतं. ते सोडलं की डोकं दुखतं, मरगळ येते, पण डोपामिनची जोरदार उसळी त्यात नाही. एडीएचडीवर ते तोकडं पडतं ते म्हणूनच.

मेथिलफेनिडेट 1944 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन यांनी बनवलं आणि बायकोच्या ‘रीटा’ या नावावरून ते रिटालिन झालं. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधक नोरा व्होल्कोव यांच्या गटाने मेंदूच्या पेट स्कॅनने मोजून पाहिलं, तेव्हा नेहमीच्या मात्रेत गिळलेली गोळीही निम्मे किंवा त्याहून जास्त डोपामिन ट्रान्सपोर्टर अडवत होती. नशा करणाऱ्यांच्या कोकेनचंही प्रमाण तेवढंच. फरक घड्याळात होता. शिरेतून दिलेलं कोकेन मेंदूत 4 ते 6 मिनिटांत शिखर गाठतं, पण गिळलेल्या मेथिलफेनिडेटला सुमारे एक तास लागतो. डोपामिन झटक्यात चढलं तर नशा येते. तेच हळूहळू चढलं तर लक्ष लागतं, नशा जवळजवळ येत नाही. गोळीची पूड करून टोचणारे हा वेगच विकत घेत असतात, आणि तिच्यातली शंखजिऱ्याची भुकटी फुफ्फुसांत अडकून गाठी होतात, हे त्या खटाटोपाचं दुसरं फळ.

वेग कमी करायचा, तर किती? दहा वर्षांच्या मुलाचं उदाहरण घेऊ. साधी गोळी साधारण 5 मिलिग्रॅमपासून सुरू करतात, सकाळी एक आणि दुपारी एक, आणि परिणाम पाहत आठवड्याने वाढवतात. गोळीचा असर सुमारे चार तासांचा. सकाळी आठची मात्रा बाराला उतरते आणि मूल अचानक चिडचिडं होतं. दुपारची मात्रा शाळेत कोण देणार, हा प्रश्न उरतो. ती उशिरा दिली तर रात्री झोप येत नाही.

यावर आधी मेणासारख्या गोळ्यातून औषध संथपणे सोडणारी गोळी आली. ती तीन वेळच्या साध्या गोळ्यांइतकी लागू पडेना. संशोधक जेम्स स्वॅन्सन यांनी कारण शोधलं: रक्तातली पातळी दिवसभर सपाट ठेवली तर दुपारपर्यंत मेंदू तिला सरावतो. सारखाच परिणाम हवा तर पातळी चढतीच ठेवावी लागते. त्यातून 2000 साली मेथिलफेनिडेटचीच कॉन्सर्टा ही गोळी आली. तिच्या 18 मिलिग्रॅमच्या गोळीत 4 मिलिग्रॅम बाहेरच्या लेपात असतात आणि ते लगेच सुटतात. उरलेले 14 आतल्या थरांत असतात. पाणी आत शिरतं, तळचा थर फुगतो आणि लेझरने पाडलेल्या बारीक छिद्रातून औषध वाढत्या प्रमाणात बाहेर ढकलतो. रिकामं कवच शौचातून जसंच्या तसं पडतं. पालक घाबरतात, पण त्यात काही बिघडलेलं नसतं. बिघडतं ते गोळी चावली किंवा तोडली तर.

पातळीच्या चढाचा हा आकार किती नाजूक आहे ते 2014 मध्ये दिसलं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने कॉन्सर्टाच्या दोन जेनेरिक पर्यायांचा समकक्ष दर्जा काढून घेतला, कारण सातव्या ते बाराव्या तासादरम्यान त्यांतून औषध मंद गतीने मिळत असल्याची शंका होती. गोळीवरचे मिलिग्रॅम मात्र सारखेच होते. ब्रँड बदलल्यावर ‘संध्याकाळी पुन्हा पूर्वीसारखं होतंय’ अशी तक्रार आली तर मात्रा वाढवण्याआधी गोळीची रचना तपासावी.

2007 मध्ये आलेल्या लिसडेक्सअँफेटामिनने वेगाला रासायनिक लगाम घातला. अँफेटामिनला लायसिन हे अमिनो आम्ल जोडलेलं असतं आणि तांबड्या रक्तपेशींनी ते तोडल्याखेरीज औषध जागं होत नाही. टोचलं तरी ही पायरी चुकत नाही, म्हणून सुईने फारसा फायदा होत नाही. पण या लगामाला मर्यादा आहे. नशेचा अनुभव असलेल्यांवरच्या चाचणीत नेहमीच्या कमाल मात्रेच्या दुपटीहून जास्त, म्हणजे 150 मिलिग्रॅम तोंडाने दिल्यावर त्यांना ते साध्या डेक्सट्रोअँफेटामिनइतकंच आवडलं. म्हणून अमेरिकेत हे औषधही अँफेटामिन आणि मेथिलफेनिडेटसोबत कडक नियंत्रणाच्या एकाच यादीत आहे.