प्रीमिअर पान

यूट्यूबवर आधीच तयार असलेला व्हिडिओ ठरावीक वेळी सर्वांना एकत्र दाखवण्याच्या सोयीला प्रीमिअर म्हणतात. ही सोय २०१८ साली आली. प्रीमिअर ठरवला की व्हिडिओचे पान लगेच सर्वांना दिसू लागते. शीर्षक, थंबनेल, वर्णन, उरलेला वेळ, आठवणीचे बटण आणि चॅट हे सगळे त्यावर असते, फक्त व्हिडिओ चालत नाही. साध्या शेड्यूल केलेल्या व्हिडिओत आणि प्रीमिअरमध्ये हाच मुख्य फरक आहे. साधा व्हिडिओ वेळ येईपर्यंत खाजगी राहतो, तर प्रीमिअरचे पान सेव्ह केल्या क्षणी लोकांपुढे येते. बहुतेक घोळ हा फरक लक्षात न घेतल्याने होतात. ‘final_2’ अशा फाइलच्या नावासह आणि कोऱ्या वर्णनासह पान उघडे पडते, आणि मालकाला वाटत असते की अजून दोन दिवस हातात आहेत.

म्हणून व्हिडिओ अपलोड करून ड्राफ्टमध्येच ठेवावा आणि त्याच अवस्थेत मजकूर पक्का करावा. दरम्यान उच्च दर्जाचे प्रोसेसिंगही पूर्ण होऊ द्यावे. मग शेवटच्या पायरीवर Schedule निवडून तारीख, वेळ आणि टाइमझोन भरावा आणि Set as Premiere वर खूण करावी. व्हिडिओ लहान मुलांसाठीचा म्हणून नोंदवला असेल तर चॅट मिळत नाही, त्यामुळे ती नोंद आधीच तपासावी. पान बनल्यानंतर वेळ पुढे-मागे करता येते, शीर्षकही बदलता येते. पण व्हिडिओची फाइल बदलता येत नाही. चूक सापडली तर नवा अपलोड, नवी लिंक, आणि जुन्या पानावर आठवण लावून ठेवलेले सगळे प्रेक्षक हातचे जातात.

मजकूर लिहिताना लक्षात ठेवायची गोष्ट अशी की हे एकच पान तीन काळांत वाचले जाते : वाट पाहताना, व्हिडिओ चालू असताना आणि नंतर कायमचे. प्रीमिअर संपला की तोच पत्ता नेहमीच्या व्हिडिओचा होतो. त्यामुळे ‘आज’, ‘उद्या’, ‘लवकरच’ हे शब्द शीर्षकात घालू नयेत.

एक उदाहरण घेऊ. सायकलचे वाकडे चाक सरळ करण्याचा १८ मिनिटांचा व्हिडिओ आहे आणि पहिले शीर्षक असे सुचले :

‘सायकलचे वाकडे चाक घरी सरळ करणे | प्रीमिअर शनिवारी संध्याकाळी ७ वाजता’

शीर्षकाची मर्यादा १०० अक्षरचिन्हांची असते, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी त्यात वेगळी मोजली जातात. ‘प्रीमिअर’ हा शब्द वाचताना चार अक्षरांचा वाटतो, पण मोजणीत आठ भरतो. वरच्या शीर्षकाची एकूण मोजणी ६८ होते. त्यातला मूळ विषय ३० चिन्हांत संपतो. उरलेली ३८ चिन्हे पान स्वतःच सांगत असलेल्या गोष्टीवर खर्च झाली. शिवाय पान वेळ दाखवते ती प्रत्येक प्रेक्षकाच्या टाइमझोनप्रमाणे. दुसऱ्या टाइमझोनमधल्या माणसाला शीर्षकात ७ आणि खाली वेगळीच वेळ दिसते, मग खरी कोणती हे त्याला कळत नाही. उभ्या रेघेपुढचा भाग काढून टाकला की हे शीर्षक तिन्ही काळांत चालते.

वर्णनाच्या पहिल्या दोन ओळीच पूर्ण वर्णन न उघडता दिसतात. तिथे स्वागताचे वाक्य वाया जाते. वाट पाहणाऱ्याला आत काय मिळणार, किती वेळ लागणार आणि हाताशी काय ठेवायचे, एवढेच हवे असते :

‘चाक फिरवताना रिम एका बाजूने ब्रेकला घासत असेल, तर ती स्पोक-कीने सरळ कशी करायची ते १८ मिनिटांत. सोबत करायचे असेल तर सायकल उलटी करून ठेवा आणि स्पोकच्या निपलला नेमकी बसणारी की घ्या.’

यातले दुसरे वाक्य काउंटडाउनच्या काळात फार उपयोगी पडते, कारण प्रेक्षक त्यामुळे नुसता बसून न राहता तयारी करतो. आणि वर्षभराने वाचले तरी ते खोटे पडत नाही. वेळ लिहायचीच असेल तर वर्णनाच्या तळाशी, टाइमझोनसकट वेगळ्या ओळीत लिहावी आणि प्रीमिअर झाल्यावर ती ओळ पुसावी. प्रकरणांच्या, म्हणजे व्हिडिओतल्या भागांच्या, सुरुवातीच्या वेळाही वर्णनात आधीच टाकून ठेवाव्यात. पहिली नोंद 0:00 असावी, किमान तीन नोंदी हव्यात, प्रत्येक प्रकरण निदान दहा सेकंदांचे असावे आणि आकडे रोमन कीबोर्डवरचेच घ्यावेत. प्रीमिअर चालू असताना प्रेक्षकाला मागे जाता येते, पुढे उडी मारता येत नाही. म्हणजे या नोंदींचा खरा उपयोग नंतरचा आहे. वर्णनात < आणि > ही चिन्हे चालत नाहीत. बाण म्हणून ती वापरायची सवय असेल तर सेव्ह करताना अडते.

काउंटडाउनबद्दल एक गैरसमज हमखास होतो. ठरलेली वेळ म्हणजे व्हिडिओची पहिली फ्रेम नव्हे. त्या वेळी काउंटडाउनची छोटी चित्रफीत सुरू होते, ती संपल्यावर व्हिडिओ. नेहमीची लांबी दोन मिनिटांची असते, म्हणजे ७ चा व्हिडिओ ७ वाजून २ मिनिटांनी दिसतो. हे माहीत नसलेले लोक चॅटमध्ये ‘दिसत नाही’, ‘अडकलंय’ असे लिहू लागतात आणि एकाचे पाहून दुसरा पान रीफ्रेश करतो. यावर उपाय चॅटच्या मजकुरात आहे.

चॅट पानाबरोबरच उघडते. मालक झोपलेला असतानाही तिथे लिहिता येते. म्हणून नको असलेल्या शब्दांची यादी पान बनवण्यापूर्वीच भरावी, आणि तेच शब्द देवनागरीत व रोमन लिपीत, दोन्ही तऱ्हांनी लिहावेत. नुसती देवनागरी यादी मराठी चॅटला पुरत नाही, कारण बरेच लोक रोमन लिपीत टाइप करतात. गर्दी अपेक्षित असेल तर स्लो मोड लावावा, म्हणजे एका माणसाला दोन संदेशांमध्ये ठरावीक वेळ थांबावे लागते. प्रत्येकाचा प्रश्न वाचायचा असेल तर तो लावलेला बरा, गप्पा रंगाव्यात असे वाटत असेल तर काढलेला बरा.

पिन करायचे संदेश आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवावेत, कारण ऐन वेळी टाइप करताना चुका होतात. संदेशाची मर्यादा २०० चिन्हांची आहे. वरच्या उदाहरणासाठी हे तीन पुरतात.

वाट पाहताना : ‘वेळ झाली की आधी दोन मिनिटांचं काउंटडाउन लागेल, मग व्हिडिओ. पान रीफ्रेश करायची गरज नाही.’

चालू झाल्यावर : ‘प्रश्न विचारताना मागचं चाक की पुढचं, आणि ब्रेक कोणता, ते लिहा. उत्तरं इथेच देतोय.’

शेवटच्या मिनिटाला : ‘राहिलेले प्रश्न खाली कमेंटमध्ये टाका. चॅट आता बंद होईल.’

तिसरा संदेश अनेक जण विसरतात. व्हिडिओ संपताच चॅटही संपते आणि अर्धवट टाइप केलेला प्रश्न तसाच राहतो. चॅटचा रिप्ले ठेवला असेल तर हे संभाषण नंतरच्या प्रेक्षकालाही व्हिडिओच्या वेळेबरोबर सरकताना दिसते. त्यामुळे ‘आवाज येतोय का?’ यासारखी चौकशी मालकाने तिथे न करता दुसऱ्या फोनवर स्वतः ऐकून खात्री करावी.