पिकांवरील बुरशीजन्य रोगांच्या इंटर्नशिपसाठी प्राध्यापकांना पत्र

वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी वनस्पती रोगशास्त्राच्या प्राध्यापकांकडे काही आठवडे प्रयोगशाळेत काम करू देण्याची विनंती करतो, ते हे पत्र. आता ते बहुधा ईमेलने जाते. एका पानात मावेल एवढेच असावे. विषयाच्या ओळीत पीक, रोग आणि कालावधी यावा, उदा. ‘हरभऱ्यावरील मर रोग: ८ आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी विनंती’.

‘मला बुरशीजन्य रोगांत रस आहे’ या वाक्यातून प्राध्यापकांना काहीच कळत नाही. एकच रोग धरून काय करायचे ते लिहिले, तर विद्यार्थ्याची तयारी दिसते. हरभऱ्याच्या मर रोगाबाबत असा मजकूर चालेल:

‘आदरणीय मॅडम, मी एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षात आहे. मर लागलेल्या झाडांच्या उभ्या चिरलेल्या खोडात आतील भाग तपकिरी पडलेला दिसला. अशा खोडांतून फ्युजेरियम वेगळी करून कुंडीतील झाडांवर तिची रोगकारकता तपासण्याचे काम आपल्या मार्गदर्शनाखाली शिकायचे आहे. पीडीए माध्यम तयार करणे आणि ऑटोक्लेव्ह वापरणे मला येते. एकबीजाणू संवर्धन अजून केलेले नाही.’

शेवटचे वाक्य गाळू नये. काय येत नाही हे आधी कळले, तर शिकवायला किती वेळ लागेल याचा अंदाज प्राध्यापकांना बांधता येतो. जे येते म्हणून लिहिले, त्यावर प्रश्न येणारच. एक लिटर पीडीएसाठी २०० ग्रॅम बटाटा, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि १५ ते २० ग्रॅम आगर लागते, निर्जंतुकीकरण १२१ अंश सेल्सियसला होते, एवढे तोंडपाठ हवे.

कालावधीचा हिशेब बहुतेक पत्रांत चुकतो. खोडाच्या तुकड्यातून बुरशी वाढायला सुमारे आठवडा लागतो, शुद्ध संवर्धनाला आणखी एक. मग जेजी-६२सारख्या रोगाला लवकर बळी पडणाऱ्या वाणाच्या रोपांना लागण करून लक्षणांसाठी थांबावे लागते आणि मेलेल्या रोपातून तीच बुरशी पुन्हा वेगळी करावी लागते. म्हणून महिनाभरात रोगकारकता सिद्ध करण्याचे आश्वासन पाळता येत नाही. शिवाय हरभरा रब्बीचा. मे महिन्यात यायचे असेल, तर ताजे नमुने शेतात मिळणार नाहीत. जपून ठेवलेल्या संवर्धनावर काम करायची तयारी पत्रातच सांगावी.

रोग आणि पद्धत यांचा मेळही पाहावा. द्राक्षावरील भुरी व केवडा यांचे रोगकारक जिवंत पेशींवरच वाढतात, त्यामुळे ‘भुरीची बुरशी पीडीएवर वाढवीन’ असे लिहिणाऱ्याने त्या रोगाचे मूलभूत वाचन केलेले नाही, हे लगेच उघड होते. त्यातही केवड्याचा रोगकारक ऊमायसीट गटातला आहे, खरी बुरशी नव्हे. हरभऱ्यातही मर आणि कोरडी मूळकूज यांची गल्लत होते. मूळकुजीत सोटमूळ कोरडे, ठिसूळ होते आणि उपटताना तुटते. लक्षण नीट पाहून, खोड चिरलेल्या झाडाचा एक स्पष्ट फोटो सोबत जोडावा.