रात्री नेट झोपतं: लाइन भरली की चॅनेल भरलं?

दुपारी मस्त पळणारं नेट रात्री आठ वाजले की लोळायला लागतं, आणि मग पहिला फोन जातो इंटरनेट कंपनीला, तिकडून उत्तर येतं की राउटर बंद करून चालू करा. कधी दोष खरंच कंपनीच्या लाइनचा असतो, पण फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये बऱ्याचदा लाइन ठणठणीत असते आणि गर्दी असते ती घरातल्या हवेत, म्हणजे शेजारपाजारच्या वाय-फायची. दोन्हींची वेळ एकच, कारण संध्याकाळी सगळेच घरी येऊन व्हिडिओ लावतात, म्हणूनच लोकांचा घोळ होतो.

लाइनची गर्दी राउटरच्या पलीकडे असते, चॅनेलची, म्हणजे वाय-फाय हवेत ज्या पट्टीवर बोलतं तिची, गर्दी राउटर आणि तुमच्या मोबाइलच्या मध्ये. त्यामुळे राउटरपाशीच दोन्ही वेगळ्या पकडता येतात. रात्री स्पीड पडलेला असताना लॅपटॉप वाय-फायवर ठेवा, घरातल्या बाकीच्यांना पाच मिनिटं डाउनलोड थांबवायला सांगा (नाहीतर आपलीच गर्दी मोजाल) आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एकामागोमाग एक हे चालवा:

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 8.8.8.8
```

पहिला पत्ता राउटरचा, काही राउटरचा वेगळा असतो, तो वाय-फाय सेटिंगमध्ये गेटवे म्हणून दिसतो. दुसरा बाहेरचा. आता समजा दुपारी राउटरचा पिंग, म्हणजे तिथे जाऊन परत यायला लागलेला वेळ, ३ मिलिसेकंद होता आणि रात्री तोच ४०, १२०, मध्येच २००, एखादा टाइमआउट. राउटर त्याच जागी, लॅपटॉप त्याच टेबलावर, मग हा उशीर हवेतच झालाय, कंपनी अजून चित्रात आलेलीच नाही. उलट राउटर ३-४ वरच आहे आणि बाहेरचाच पिंग उड्या मारतोय तर लाइनकडे बघा. खात्री करायची तर त्याच वेळी लॅनची केबल लावून स्पीड टेस्ट करा: १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर केबलने ९० आणि वाय-फायने ७ आले तर वाद संपला, दोन्हीकडे ७ च आले तर मात्र लाइन.

मोबाइलवरच्या फुल दांड्या बघून फसू नका. दांड्या फक्त सिग्नलची ताकद दाखवतात, चॅनेल रिकामं आहे की नाही ते नाही. एकाच चॅनेलवरचे सगळे राउटर आणि मोबाइल बोलायच्या आधी ऐकतात, हवा मोकळी असेल तरच बोलतात, त्यामुळे शेजाऱ्याचा टीव्ही व्हिडिओ ओढत असेल तर तुमचा राउटर गप्प उभा राहतो, सिग्नल कितीही कडक असो.

आता कोण कुठल्या चॅनेलवर बसलंय ते बघायला अँड्रॉइडवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारची ॲप मिळतात, विंडोजवर हे:

```
netsh wlan show networks mode=bssid
```

समजा २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल ६ वर नऊ नेटवर्क दिसली, ११ वर पाच आणि १ वर दोन, तीही लांबची. तर १ घ्या, आणि हे रात्रीच बघा. बरेच राउटर ऑटोमध्ये चालू होतानाच चॅनेल निवडतात, दुपारी रीस्टार्ट केलात तर दुपारची शांतता बघून निवडतील. अर्थात नेटवर्कची संख्या म्हणजे ट्रॅफिक नव्हे, चार गप्प नेटवर्कपेक्षा एक सतत डाउनलोड करणारं जास्त त्रास देतं, म्हणून बदल केला की परत राउटरला पिंग मारून बघायचं.

आणि "३ वर कोणीच नाही, तिकडे जातो" ही हुशारी नको. चॅनेल ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत पण सिग्नल साधारण २० मेगाहर्ट्झ रुंद, म्हणून एकमेकांत न घुसणारे १, ६ आणि ११ एवढेच. ३ वर बसलात की १ आणि ६ दोन्हींचा कचरा तुमच्यावर पडतो, आणि तो अर्धवट ऐकू येत असल्यामुळे पाळी लावून बोलणंही नीट जमत नाही, पाकिटं आदळतात, परत पाठवावी लागतात. त्याच कारणाने राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ वर चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ असेल तर २० करा.

तिन्ही चॅनेल भरलेली असतील तर २.४ मध्ये खेळत बसण्यात अर्थ नाही असं माझं मत. टीव्ही, लॅपटॉप, मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर हलवा, तिथे चॅनेल जास्त आणि भिंतीत तो सिग्नल जास्त मरतो, म्हणजे शेजाऱ्याचा आवाज कमी येतो. पण तुमचाही लांबच्या खोलीत कमी पोचतो, तिथे राउटर मधल्या जागी आणावा लागेल. २.४ वर फक्त स्मार्ट बल्ब, प्रिंटर असली मंडळी राहू दे.

आणि दोष लाइनचाच निघाला तर तक्रारीत वाय-फायचे आकडे देऊ नका, ते लगेच राउटरवर ढकलतील. केबल लावून दुपारचं आणि रात्री नऊचं रीडिंग, दोन-तीन दिवसांचं, तेच पाठवा.